राउटरवर व्हीपीएन चालू असताना टीव्हीवर येणारी ‘प्रॉक्सी’ची सूचना: कारण आणि उपाय

निपाणीतल्या माझ्या मावसभावाचा मुलगा दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून घरी आला, त्याने नवा राउटर बसवला, त्यावर व्हीपीएनची जोडणी केली आणि चार दिवसांनी तो परत गेला. घरातला प्रत्येक फोन आणि वडिलांचा बँकेच्या कामाचा लॅपटॉप आपोआप व्हीपीएनखाली यावा, प्रत्येक उपकरणावर वेगळे ॲप टाकण्याचे काम आई-वडिलांवर पडू नये, एवढाच त्याचा हेतू होता. त्याच आठवड्यात दिवाणखान्यातल्या टीव्हीवरचे एक स्ट्रीमिंग ॲप अडू लागले. ॲप उघडत होते, खात्यात प्रवेश होत होता, पोस्टरही दिसत होती. पण चित्रपट लावला की ‘तुम्ही प्रॉक्सी किंवा व्हीपीएन वापरत आहात असे दिसते’ अशा अर्थाची सूचना येऊन सारे थांबत होते. वहिनींनी ॲप काढून पुन्हा टाकले, केबलवाल्याला बोलावून तारा तपासून घेतल्या, टीव्हीच्या दुकानात फोन केला आणि अखेर मला निरोप पाठवला.

मी बेळगावात घरगुती नेटवर्कची कामे करतो. राउटरवर व्हीपीएन असलेल्या घरांत ही अडचण हटकून येते आणि तिचा उपाय टीव्हीत नसून राउटरमध्ये असतो. निपाणीच्या घरी जे केले तेच येथे क्रमाने सांगतो. राउटरच्या सेटिंगच्या पानावर यापूर्वी कधीही न गेलेल्या वाचकाला सोबत घेऊन चालण्याचा माझा प्रयत्न आहे.

आधी दोष व्हीपीएनचाच आहे याची खात्री करा

टीव्हीवरची सूचना प्रथम नीट वाचावी आणि तिचा फोटो काढून ठेवावा, कारण तिच्या शब्दांत बरेच काही असते. नेटफ्लिक्सवर M7111-5059 हा क्रमांक दिसला, तर त्या सेवेने तुमची जोडणी प्रॉक्सी किंवा व्हीपीएनमधून येत असल्याचे ओळखले आहे, असा त्याचा थेट अर्थ होतो. इतर सेवांच्या सूचनेत क्रमांक असेल किंवा नसेल, पण ‘व्हीपीएन’, ‘प्रॉक्सी’ अथवा ‘तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही’ यांपैकी काहीतरी असतेच. याउलट चित्र अडखळत असेल, फिरणारे वर्तुळ थांबत नसेल किंवा पासवर्ड चुकल्याचे सांगितले जात असेल, तर दुखणे वेगळे आहे आणि या लेखाचा तेथे उपयोग नाही.

त्यानंतर तेच ॲप, त्याच खात्याने, फोनवर वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर लावून पाहावे. तेथे चित्रपट सुरू झाला आणि घरच्या वाय-फायवर येताच अडला, तर खाते आणि ॲप दोन्ही निर्दोष आहेत हे ठरले. आता फोन वाय-फायवर ठेवून ब्राउझरमध्ये fast.com हे पान उघडावे. हे वेग मोजण्याचे पान नेटफ्लिक्सचेच आहे. मोजणी संपल्यावर ‘Show more info’ दाबले की ‘Client’ या शब्दापुढे तुमचे गाव, देश आणि आयपी पत्ता दिसतो. निपाणीच्या घरात बसून मी हे पान उघडले तेव्हा तेथे सिंगापूर लिहून आले. टीव्ही जे ॲप उघडत होता, त्या ॲपलाही हे घर सिंगापुरातच दिसत होते.

तिसरी तपासणी टाळू नये. राउटरवरचे व्हीपीएन पाच मिनिटांसाठी पूर्ण बंद करावे, टीव्हीचा प्लग काढून मिनिटभराने पुन्हा लावावा आणि चित्रपट चालतो का ते पाहावे. चालला, तर पुढचे सर्व काही तुमच्यासाठी आहे. व्हीपीएन बंद असूनही तीच सूचना आली, तर दोन गोष्टी तपासाव्या लागतात. पूर्वी कोणीतरी टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘स्मार्ट डीएनएस’चा, म्हणजे घराचे ठिकाण दुसरे दाखवणाऱ्या सेवेचा, पत्ता हाताने भरून ठेवलेला असू शकतो, तसे असेल तर ती नोंद पुन्हा स्वयंचलित करावी. तेही नसेल, तर इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या पत्त्यांची नोंद भौगोलिक याद्यांमध्ये चुकीच्या देशात किंवा व्हीपीएन म्हणून झालेली असण्याची शक्यता आहे. लहान कंपन्यांकडे येणारे पत्त्यांचे गट कधीकधी आधी दुसऱ्या कोणाकडे असतात आणि जुनी नोंद मागे राहते. अशा वेळी fast.com वर दिसणारा पत्ता आणि सूचनेचा फोटो घेऊन इंटरनेट कंपनीकडे तक्रार करावी, कारण ती दुरुस्ती घरातून होत नाही.

येथे वहिनींचा एक प्रश्न नोंदवतो, कारण खानापूर, चिकोडी आणि बेळगाव शहरातही मला तो वारंवार ऐकायला मिळतो. त्यांनी विचारले, “भावजी, आपलं गाव हद्दीवर आहे, फोन कधी कागलकडचा टॉवर धरतो, कधी इकडचा. म्हणून तर टीव्ही ‘रीजन चुकलं’ म्हणत नसेल?” शंका रास्त आहे, पण उत्तर नाही असे आहे. चित्रपट दाखवण्याचे हक्क या सेवा देशानुसार घेतात. भारतासाठी घेतलेला हक्क निपाणीत चालतो आणि कागललाही चालतो. आयपी पत्त्याचे स्थान बेळगावऐवजी बेंगळुरू, पुणे किंवा मुंबई असे दिसणे आपल्या भागात अगदी सामान्य आहे, कारण पत्ता घराचा नसून कंपनीच्या मोठ्या केंद्राशी जोडलेला असतो. त्यामुळे प्रदेशाची सूचना आली, तर राज्याची सीमा मनातून काढून टाकावी आणि देश कोणता दिसतो आहे ते पाहावे.

ॲपला हे कळते कसे

राउटरवर व्हीपीएन चालू केले की राउटर दूरच्या एका सर्व्हरपर्यंत कुलूपबंद बोगदा तयार करतो आणि घरातून बाहेर जाणारे सर्व काही त्या बोगद्यात घालतो. वायरगार्ड या व्हीपीएनच्या एका प्रकाराच्या जोडणीत AllowedIPs या नोंदीपुढे 0.0.0.0/0 लिहिलेले असते. त्याचा अर्थ ‘जगातल्या प्रत्येक पत्त्याकडे जाणारी वाट बोगद्यातूनच’ असा आहे. टीव्हीला यातले काहीच माहीत नसते. तो नेहमीसारखी मागणी करतो, पण स्ट्रीमिंग सेवेला ती मागणी बोगद्याच्या दुसऱ्या टोकाच्या पत्त्यावरून आलेली दिसते.

त्या पत्त्यावरून सेवेला दोन गोष्टी समजतात. एक म्हणजे देश. दुसरी अधिक महत्त्वाची आहे: तो पत्ता कोणाच्या मालकीचा आहे. घरोघरी इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांचे पत्ते वेगळे नोंदलेले असतात आणि सर्व्हर भाड्याने देणाऱ्या डेटा सेंटरांचे वेगळे. डेटा सेंटरमध्ये सर्व्हर असतात, टीव्हीपुढे बसलेले कुटुंब नसते. म्हणून तेथून चित्रपटाची मागणी आली की सेवेला ती संशयास्पद वाटते. शिवाय व्हीपीएनच्या एकाच पत्त्यामागे एकाच वेळी शेकडो खाती उभी असतात, आणि तेही सेवेला दिसते. नेटफ्लिक्सने अशी जोडणी अडवण्याचे धोरण जानेवारी 2016 मध्ये जाहीर केले. भारतात ती सेवा सुरू झाली तोही त्याच वर्षाचा तोच महिना.

प्रत्येक वेळी सूचनाच येते असेही नाही. व्हीपीएन ओळखल्यावर नेटफ्लिक्स काही वेळा ज्या कार्यक्रमांचे जगभरचे हक्क तिच्याकडे आहेत तेवढेच दाखवते आणि उरलेले गाळून टाकते. ‘काल यादीत असलेला मराठी चित्रपट आज शोधूनही सापडत नाही’ अशी तक्रार कोणी केली, तर ती याच दुखण्याची सौम्य अवस्था असू शकते. निपाणीत आधी हेच घडले होते. पण कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

‘भारत’ सर्व्हर निवडून का भागत नाही

पुतण्याला मी फोन केला तेव्हा त्याने लगेच व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये सिंगापूरऐवजी भारत निवडले. यादीतले हिंदी-मराठी चित्रपट परत आले आणि घरात आनंद झाला, पण चित्रपट लावताच सूचना पुन्हा हजर झाली. देश बरोबर झाला होता, मालक बदलला नव्हता. पत्ता अजून डेटा सेंटरचाच होता.

आपल्या देशात याला आणखी एक पदर आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी काढलेल्या निर्देशांत व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती किमान 5 वर्षे जपून ठेवावी असे म्हटले होते. ते मान्य नसल्याने काही मोठ्या परदेशी व्हीपीएन कंपन्यांनी त्याच वर्षी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. त्यांच्या यादीत आज दिसणारा ‘भारत’ हा बहुधा आभासी असतो, म्हणजे पत्ता भारताच्या नावाने नोंदलेला आणि यंत्र मात्र सिंगापूर किंवा लंडनमध्ये उभे असते. निपाणीतल्या टीव्हीचा चित्रपट समुद्र ओलांडून जायचा आणि परत यायचा. वेगही त्यामुळेच मंदावलेला होता.

काही जण यानंतर एकामागून एक सर्व्हर बदलून पाहत बसतात. एखाद्या दिवशी एखादा चालतो, पुढच्या आठवड्यात तोही अडतो. माझे स्पष्ट मत आहे की या पाठशिवणीत वेळ घालवू नये. ज्या टीव्हीला भारतातलेच कार्यक्रम भारतात बसून पाहायचे आहेत, त्याला व्हीपीएनची गरजच नाही. राउटरवरचे व्हीपीएन तसेच ठेवावे आणि फक्त टीव्हीला बोगद्याबाहेर काढावे.

सर्वांत सोपी वाट: टीव्ही पहिल्या डब्याला जोडणे

आपल्याकडच्या फायबर जोडणीत इंटरनेट कंपनीचा एक डबा भिंतीवर असतो आणि त्याचेही स्वतःचे वाय-फाय असते. व्हीपीएनचा राउटर त्याच्यापुढे, तारेने जोडलेला असतो. बोगदा सुरू होतो तो दुसऱ्या राउटरपासून. कंपनीच्या डब्याला त्याच्याशी कर्तव्य नसते. म्हणून टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन कंपनीच्या डब्याचे वाय-फाय निवडले, किंवा टीव्हीची लॅन केबल त्या डब्यात लावली, की काम झाले. राउटरला हात लावण्याची गरज नाही. ज्या घरात वयस्कर मंडळीच राहतात तेथे मी हीच वाट सुचवतो, कारण यात पुढे बिघडण्यासारखे काही नाही.

याची एकच उणीव आहे. फोन दुसऱ्या राउटरच्या वाय-फायवर आणि टीव्ही पहिल्या डब्यावर, असे झाले की दोघे वेगळ्या नेटवर्कमध्ये जातात आणि फोनवरून टीव्हीवर कास्ट करताना फोनला टीव्ही सापडत नाही. निपाणीत नातवंडे फोनवरूनच गाणी लावत असल्याने हे चालण्यासारखे नव्हते. शिवाय कंपनीचा डबा माडीवर होता आणि त्याचे वाय-फाय दिवाणखान्यापर्यंत नीट पोहोचत नव्हते. तेव्हा राउटरमध्येच नियम करणे भाग पडले.

राउटरमध्ये टीव्हीसाठी वेगळी वाट काढणे

या कामाचे दोन भाग आहेत. टीव्हीला कायमचा एक घरगुती पत्ता द्यायचा आणि मग त्या पत्त्यावरून निघालेले सर्व काही बोगद्याऐवजी थेट इंटरनेटकडे सोडायचे. पहिला भाग नीट झाला नाही तर दुसऱ्याला अर्थ उरत नाही, कारण राउटर एरवी उपकरणांना पत्ते वाटताना आज हा तर उद्या तो देऊ शकतो.

तुमच्या राउटरमध्ये हे कोठे सापडेल ते कंपनीवर अवलंबून आहे. टीपी-लिंकच्या ज्या राउटरांत व्हीपीएन क्लायंटची सोय आहे, त्यांत ‘VPN Client’ या पानावर उपकरणांची यादी असते आणि व्हीपीएनमधून कोणते उपकरण जावे ते तेथे ठरवता येते. टीव्ही त्या यादीत ठेवू नये. आसुसच्या अनेक राउटरांत हेच काम ‘VPN Fusion’ या नावाखाली होते. अशा राउटरांत पडद्यावरच्या खुणा पुरेशा असतात. पुतण्याने मात्र ओपनडब्ल्यूआरटी ही प्रणाली घातलेला राउटर बसवला होता, म्हणून तेथे काय केले ते सविस्तर सांगतो. इतर राउटरवरही तर्क हाच राहतो.

सुरुवातीला राउटरच्या सेटिंगची प्रत काढून ठेवली. ओपनडब्ल्यूआरटीच्या पानावर ‘System’ खाली ‘Backup / Flash Firmware’ येथे ‘Generate archive’ दाबले की एक फाइल लॅपटॉपवर उतरते. काही चुकले तर तीच फाइल परत चढवून जुनी स्थिती आणता येते.

त्यानंतर टीव्हीच्या सेटिंगमधून त्याचा मॅक पत्ता लिहून घेतला. मॅक पत्ता म्हणजे उपकरणाच्या नेटवर्क भागाची ओळख. तो दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्यांत लिहिलेला असतो. राउटरचा स्वतःचा पत्ता 192.168.10.1 होता, म्हणून टीव्हीसाठी 192.168.10.50 हा पत्ता राखून ठेवला. ‘Network’ खाली ‘DHCP and DNS’ या पानावरच्या ‘Static Leases’ मध्ये ही नोंद करता येते. थेट /etc/config/dhcp या फाइलमध्ये ती अशी दिसते:

```
config host
        option name 'halltv'
        option mac 'AA:BB:CC:11:22:33'
        option ip '192.168.10.50'
        option tag 'tvdns'

config tag 'tvdns'
        list dhcp_option '6,1.1.1.1,8.8.8.8'
```

येथे मॅक पत्ता नमुन्याचा आहे. तुमच्या टीव्हीचा भरावा. ‘tvdns’ च्या ओळी का लागतात ते पुढे सांगतो.

दुसऱ्या भागासाठी pbr नावाचे पॅकेज लागते. ते नसेल तर त्याच्या luci-app-pbr या जोडीदारासह राउटरवर बसवून घ्यावे. कोणत्या पत्त्याने कोणत्या वाटेने जावे हे ठरवणे एवढेच त्याचे काम आहे. /etc/config/pbr मध्ये पुढील नियम जोडला:

```
config policy
        option name 'halltv'
        option src_addr '192.168.10.50'
        option interface 'wan'
```

या नियमात ‘wan’ म्हणजे कंपनीच्या डब्याकडे जाणारी थेट वाट. बसवल्यावर pbr ही सेवा बंद अवस्थेत असते, ती सुरू करण्यास पुष्कळ जण विसरतात. त्याच फाइलच्या वरच्या भागात enabled या नोंदीपुढे 1 आहे ना ते पाहावे. मग राउटरच्या कमांड लाइनवर दोन्ही सेवा पुन्हा सुरू कराव्यात:

```
service dnsmasq restart
service pbr restart
```

यानंतर टीव्ही रिमोटने बंद-चालू करून भागत नाही, कारण आजकालचे टीव्ही रिमोटने बंद केल्यावर नुसते झोपतात आणि जुना पत्ता धरून ठेवतात. प्लग काढून मिनिटभर थांबावे.

एक प्रश्न येथे नेहमी विचारला जातो: सगळा टीव्ही बाहेर काढण्याऐवजी फक्त त्या सेवेचे संकेतस्थळ बाहेर काढता येणार नाही का? प्रयत्न करता येतो, पण मी तसे करत नाही. एकट्या नेटफ्लिक्सचे उदाहरण घ्या. खात्यात प्रवेश netflix.com वरून होतो, चित्रे nflximg.net किंवा nflxso.net वरून येतात आणि चित्रपट nflxvideo.net वरून येतो. यांतले एखादे नाव यादीत राहून गेले की निम्मी मागणी निपाणीहून आणि निम्मी सिंगापूरहून जाते, आणि सेवेचा संशय कमी होण्याऐवजी वाढतो. ही नावे सेवा आपल्या सोयीने बदलतातही. टीव्ही हे एक उपकरण आहे आणि त्याचे काम एकच आहे. त्याला पूर्ण बाहेर ठेवणे टिकाऊ ठरते.

निपाणीत पहिला प्रयत्न फसला तो का

एवढे करूनही सूचना गेली नाही. नियम चुकला की टीव्ही नियमात बसत नाही, हे आधी वेगळे करावे लागते. त्यासाठी टीव्ही बंद ठेवून माझ्या लॅपटॉपला हाताने 192.168.10.50 हा पत्ता दिला, गेटवे म्हणून 192.168.10.1 भरले, डीएनएससाठी 1.1.1.1 लिहिले आणि fast.com उघडले. ‘Client’ पुढे सिंगापूर नव्हते, भारत होते. म्हणजे नियम ठीक होता आणि टीव्हीच त्या पत्त्यावर आलेला नव्हता. ही तपासणी लक्षात ठेवावी. ज्या टीव्हीत ब्राउझर नसतो तेथे तिच्यासारखी दुसरी सोय नाही.

राउटरच्या यादीत पाहिले तेव्हा टीव्हीला 192.168.10.137 मिळालेला होता. कारण साधे होते. टीव्हीला दोन मॅक पत्ते असतात, एक वाय-फायचा आणि एक लॅन केबलचा. सेटिंगच्या पानावरून मी वाय-फायचा लिहून घेतला होता आणि टीव्ही मात्र केबलने जोडलेला होता. केबलचा पत्ता घातला, प्लग काढून लावला आणि चित्रपट सुरू झाला.

फोनच्या बाबतीत याच जातीची आणखी एक अडचण येते. अलीकडचे अँड्रॉइड फोन आणि आयफोन प्रत्येक वाय-फायसाठी खरा मॅक पत्ता लपवून बनावट पत्ता वापरतात. आयफोनमध्ये याला ‘Private Wi-Fi Address’ म्हणतात. फोनसाठी पत्ता राखून ठेवायचा असेल तर घरच्या वाय-फायपुरती ही सोय बंद करावी, नाहीतर पुढे कधीतरी पत्ता बदलेल आणि राखीव जागा रिकामी राहील. निपाणीत हे करावे लागले, कारण टीव्ही चालू लागल्यावरही मोठ्या नातवाच्या फोनवरून कास्ट केले की अडत होते. कास्ट करताना चित्रपट टीव्हीच ओढत असला, तरी निवड आणि परवानगी फोनवरच्या ॲपमध्ये होते आणि फोन अजून बोगद्यातच होता. त्याचा फोनही 192.168.10.51 वर राखून नियमात घातला. ‘src_addr’ या ओळीत दोन्ही पत्ते मध्ये जागा सोडून लिहिता येतात. ज्या फोनवर बँकेची कामे चालतात ते दादा-वहिनींचे दोन्ही फोन मात्र व्हीपीएनमध्येच ठेवले.

डीएनएस आणि आयपीव्ही6

आता ‘tvdns’ च्या ओळींकडे येऊ. टीव्हीला एखाद्या नावाचा पत्ता हवा असतो तेव्हा तो राउटरला विचारतो आणि राउटर तो प्रश्न व्हीपीएन कंपनीच्या डीएनएस सर्व्हरकडे पाठवतो. अशा वेळी चित्रपटाची मागणी निपाणीहून जाते, पण पत्त्याची चौकशी सिंगापुरातून झालेली असते. सेवा मग सिंगापूरजवळचा सर्व्हर सुचवते आणि चित्र अडखळते. काही सेवा ही विसंगती पाहून प्रॉक्सीची सूचनाही देतात. वरच्या नोंदीमुळे टीव्ही आपली चौकशी थेट वाटेने, सार्वजनिक डीएनएसकडे करतो. काही राउटरांत घरातली प्रत्येक डीएनएस चौकशी सक्तीने राउटरकडेच वळवण्याचा नियम असतो. तो चालू असेल तर या ओळी निष्फळ ठरतात आणि टीव्हीच्या पत्त्याला त्या सक्तीतून वगळावे लागते.

आयपीव्ही6 म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत, जुनी ती आयपीव्ही4. आयपीव्ही6 ची अडचण ओळखण्याची खूण म्हणजे अनियमितपणा: एक ॲप चालते, दुसरे अडते, किंवा सकाळी चाललेले रात्री अडते. इंटरनेट कंपनीने आयपीव्ही6 दिलेले असते आणि बोगदा फक्त आयपीव्ही4 चा असतो, अशा घरात काही मागण्या थेट जातात आणि काही बोगद्यातून. टीव्हीला बोगद्याबाहेर काढल्यावर त्याच्या दोन्ही वाटा थेट होतात, म्हणून त्याच्यापुरता प्रश्न सुटतो. मात्र वायरगार्डच्या AllowedIPs मध्ये ::/0 हेही लिहिलेले असेल, तर आयपीव्ही6 सुद्धा बोगद्यातून जाते आणि फक्त आयपीव्ही4 पत्त्यावर केलेला आपला नियम त्याला लागू होत नाही. नवख्या माणसाने अशा वेळी टीव्हीच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही6 बंद करता येत असेल तर ते करावे. ती सोय नसेल, तर राउटरच्या घरगुती बाजूचे आयपीव्ही6 बंद करावे; घरगुती वापरात त्याची उणीव भासत नाही.

आता टीव्हीला व्हीपीएन नाही, याचा अर्थही समजून घ्यावा. टीव्ही कोणत्या सेवेशी जोडला जातो हे इंटरनेट कंपनीला दिसू शकेल. त्या सेवेसोबतची देवाणघेवाण मात्र ॲप स्वतःच कुलूपबंद करते, त्यामुळे पासवर्ड किंवा खात्याचा तपशील उघडा पडत नाही. दादांना एवढे सांगितल्यावर त्यांची शंका फिटली.

पुतण्याला मी दोन गोष्टी लिहून पाठवल्या. ओपनडब्ल्यूआरटीची नवी आवृत्ती चढवताना सेटिंगच्या फाइल राहतात, पण वेगळे बसवलेले pbr पॅकेज निघून जाते आणि त्याच संध्याकाळी टीव्हीवर प्रॉक्सीची सूचना परत येते. म्हणून आवृत्ती बदलल्यावर ते पुन्हा बसवावे. आणि टीव्ही बदलला किंवा केबल काढून तो वाय-फायवर घेतला, तर ‘Static Leases’ मधला मॅक पत्ता बदलावा. तो पत्ता टीव्हीत कोठे सापडतो हे वहिनींनी टीव्हीच्या वॉरंटी कार्डाच्या मागे लिहून ठेवले आहे.